कॅमेऱ्यात दिसले नाही म्हणजे खोलीत कोणी नाही, असे नव्हे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अग्निशमन दलाच्या नव्या थर्मल कॅमेऱ्यांविषयी आपण काल पहिल्या पानावर जी बातमी छापली, ती मी दोनदा वाचली आणि रात्री झोप नीट लागली नाही. दलाला कॅमेरे मिळाले याचा आनंद मला इतर कोणापेक्षाही जास्त आहे. विदर्भातल्या एका महापालिकेच्या दलात केंद्र अधिकारी म्हणून नोकरी करताना असा कॅमेरा हातात यावा म्हणून मी किती अर्ज केले, ते माझे मलाच ठाऊक आहे. परंतु ‘धूर, काच आणि भिंत यांच्या पलीकडे दडलेला माणूस हा कॅमेरा क्षणात दाखवतो’ हे आपल्या बातमीतले वाक्य चुकीचे आहे, आणि ते वाचून उद्या एखादा नवा फायरमन धुराने भरलेल्या खोलीच्या दारातूनच कॅमेरा फिरवून ‘खोली रिकामी आहे’ असे सांगेल, अशी मला भीती वाटते.

धुराच्या पलीकडचे दिसते हे खरे आहे, आणि त्याचे कारणही सरळ आहे. धुराचे कण फार बारीक असतात. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर त्यांच्यावर आपटून विखुरते, म्हणून आपल्याला समोरचा हातसुद्धा दिसत नाही. हा कॅमेरा मात्र वस्तूंच्या पृष्ठभागातून बाहेर पडणारी उष्णतेची लहर टिपतो. ती साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीची, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाच्या पंधरा-वीस पट लांब असल्यामुळे बऱ्याचशा धुरातून पार निघून येते. काचेतून मात्र ती येत नाही. खिडकीची साधी काच या लहरींच्या दृष्टीने भिंतीसारखीच आहे आणि वर ती थोडी आरशासारखेही वागते. भिंतीचे तर बोलायलाच नको, कारण कॅमेऱ्याला भिंतीचा फक्त अलीकडचा पृष्ठभाग दिसतो. पलीकडे आग असेल आणि भिंत तापली असेल तर ती तापलेली दिसेल, एवढेच.

हे सगळे मी पुस्तकातून शिकलो नाही. दलात पहिला कॅमेरा आला, त्याच उन्हाळ्यात मे महिन्यातल्या एका संध्याकाळी तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावरच्या एका घराला आग लागल्याची वर्दी आली. हॉलच्या खिडकीत बसवलेल्या कूलरची मोटर जळून त्याच्या प्लास्टिकने आणि शेजारच्या सोफ्याने पेट घेतला होता. आग मोठी नव्हती, पण सोफ्याच्या फोमचा काळा धूर आतल्या झोपायच्या खोलीत छतापासून जमिनीपर्यंत भरला होता, आणि आजी आत आहेत असे शेजारी ओरडून सांगत होते. धुरात श्वास घेण्यासाठीचा बी.ए. सेट चढवून, पाण्याचा होज घेऊन मी आणि आमचे तांडेल, म्हणजे तुकडीतले प्रमुख फायरमन, आत शिरलो. कॅमेरा माझ्या हातात होता. त्याचा उपयोग काय झाला हे आधी सांगतो, म्हणजे मी यंत्राच्या विरोधात आहे असा गैरसमज होणार नाही. एरवी तो हॉल भिंत चाचपत, टेबल-खुर्च्यांना अडखळत ओलांडावा लागला असता. पडद्यावर मात्र मला आतल्या दाराची चौकट, पलंगाची कड आणि पलीकडची खिडकी इतकी स्वच्छ दिसली की आम्ही रांगत थेट आतल्या खोलीत पोहोचलो. ती दोन-तीन मिनिटे त्या कॅमेऱ्यानेच वाचवली.

दारात थांबून मी शिकवल्याप्रमाणे आधी छत, मग मधला भाग आणि मग जमीन अशी कॅमेऱ्याची नजर फिरवली. समोर पुसट पांढरट अशी एक माणसाची आकृती दिसली आणि ती हलत होती. मी ‘समोर आहे’ असे ओरडून तिच्या दिशेने निघालो. चार पावलांवर माझा हात कपाटाच्या आरशावर आपटला. हॉलमधल्या आगीजवळून आल्यामुळे माझा कोट तापला होता आणि त्या आरशाच्या काचेत कॅमेऱ्याला मीच दिसत होतो. आता मी नव्या मुलांना सांगतो की पडद्यावर माणूस दिसला की एक हात वर करून पाहा. समोरच्यानेही हात वर केला तर ती काच आहे, आरसा आहे किंवा गुळगुळीत स्टीलचे कपाट आहे. त्या दिवशी मला हे कोणी सांगितलेले नव्हते, आणि तेवढ्यात अर्धे मिनिट गेले.

यापुढची चूक मला अधिक लागते. जमिनीवरून कॅमेरा फिरवताना पलंग आणि भिंत यांच्या फटीत मला एक काळा ढीग दिसला होता. आमच्या कॅमेऱ्यात गरम ते पांढरे आणि थंड ते काळे दिसत असे, आणि माणूस पांढरा दिसतो हेच आमच्या मनावर बिंबवलेले होते. तो काळा ढीग म्हणजे कूलरमधून सांडलेले पाणी असावे असे समजून मी त्यावरून नजर पुढे नेली. आमचे तांडेल मात्र जुन्या पद्धतीने डाव्या हाताने भिंत न सोडता, उजव्या हाताने जमीन चाचपत येत होते. ते त्या फटीपाशी थांबले आणि म्हणाले, ‘साहेब, पाय आहे!’

आजींनी धूर येताच उशाजवळच्या कळशीतले पाणी चादरीवर ओतले होते आणि ती चादर डोक्यावरून घेऊन त्या खाली बसल्या होत्या. हे त्यांनी अतिशय शहाणपणाचे केले. पण विदर्भातल्या मे महिन्यात, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली त्या खोलीच्या भिंती चाळीस अंशांच्या आसपास असणार आणि कोरड्या हवेत ओल्या चादरीतले पाणी झपाट्याने उडत असल्यामुळे चादर भोवतालापेक्षा कितीतरी थंड झाली होती. ज्या तत्त्वावर आपला कूलर चालतो, त्याच तत्त्वाने आजी कॅमेऱ्यात काळ्या झाल्या. चादर नसती तरीही अडचण पूर्ण टळली नसती. कातडीचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते. हिवाळ्यातल्या थंड खोलीत त्यामुळे माणूस उजळ उठून दिसतो. खोली तापलेली असेल तर तोच माणूस भोवतालापेक्षा काळपट दिसतो. आणि भिंती, फरशी त्याच तापमानाला आल्या असतील, तर तो त्यांच्यात मिसळून जातो. आपल्याकडे मार्च ते जून ही स्थिती रोजची आहे. म्हणून शोधायचे ते ‘पांढरे’ नव्हे, तर डोके, खांदा, हात, पाय यांचा आकार, आणि भोवतालाशी न जुळणारी कोणतीही गोष्ट, मग ती उजळ असो वा काळी. गोधडीखाली किंवा पलंगाखाली लपलेले मूल तर आकारानेही दिसत नाही. तिथे हातच घालावा लागतो.

आजी वाचल्या, चार दिवसांनी घरी आल्या. पण तांडेलांनी भिंत सोडली असती तर काय झाले असते, हा विचार इतक्या वर्षांनंतरही माझ्या मनातून जात नाही.

आपल्या बातमीत कॅमेरा ‘खोलीचे अचूक तापमान’ सांगतो असेही म्हटले आहे. पडद्याच्या कोपऱ्यातला तो आकडा हवेचा नसतो, मधल्या खुणेखाली जो पृष्ठभाग येतो त्याचा असतो, आणि अंतर वाढेल तसा तो अधिकाधिक मोठ्या भागाची सरासरी होत जातो. चकचकीत स्टीलवर धरला तर तो स्टीलचा नव्हे, स्टीलमध्ये प्रतिबिंबित झालेल्या वस्तूंचाच आकडा देतो. आकडा कमी आहे म्हणून जवान उभा राहिला आणि डोक्यावरच्या तापलेल्या थरात गेला, तर भाजल्याशिवाय राहणार नाही. याहून कमी बोलली जाणारी गोष्ट अशी की कॅमेऱ्यासमोर आगीची ज्वाळा आली की तो आपोआप कमी संवेदनशीलतेवर जातो. पडद्यावर एक लहानशी खूण उमटते, आणि त्या क्षणापासून तीस-चाळीस अंशांमधले बारीक फरक, म्हणजे नेमका माणूस, त्या चित्रातून पुसट होतो. ज्या जवानाला त्या खुणेचा अर्थ माहीत नाही त्याला खोली रिकामी दिसेल. ज्याला माहीत आहे तो कॅमेरा ज्वाळेपासून वळवेल, खूण जाईपर्यंत एक-दोन क्षण थांबेल आणि मग पुन्हा पाहील.

यासाठी सराव लागतो, आणि म्हणून त्याच बातमीशी संबंधित आणखी एक तक्रार मला करावीशी वाटते. माझ्या काळात कॅमेरा साठा नोंदवहीत चढवून अधिकाऱ्याच्या कपाटात कुलूपबंद ठेवला जात असे. हरवला तर वसुली होईल म्हणून तो सरावाला मिळत नसे, आणि वर्दी आली की बॅटरी उतरलेली निघे. नव्या कॅमेऱ्यांचे तसे होऊ नये. ते बंबावर, चार्जरमध्ये बसवलेले असावेत आणि दर आठवड्याला प्रत्येक पाळीने कृत्रिम धूर सोडलेल्या खोलीत आरसा, ओली चादर आणि गोधडीत गुंडाळलेला बाहुला ठेवून शोध घ्यावा. त्या सरावात कॅमेरा हातात असलेल्याने पाहायचे, मग तो खाली करायचा आणि पुढे सरकायचे; पडद्याला डोळे चिकटवून चालायचे नाही, कारण त्या चौकटीत बाजूचे दिसत नाही आणि अंतराचा अंदाजही चुकतो. दुसऱ्याने त्याच वेळी भिंत किंवा होज सोडायची नाही. यंत्र मध्येच बंद पडले तर दाराकडे परत नेणारी तीच एक वाट असते.

आपल्या वार्ताहरांनी ही बातमी चांगल्या हेतूनेच दिली असणार याबद्दल मला शंका नाही. माझी एवढीच विनंती आहे की त्या बातमीतील ‘काच’ आणि ‘भिंत’ हे दोन शब्द चुकीने पडले असल्याचे आपण उद्याच्या अंकात, शक्यतो त्याच पानावर, छापावे. तिच्यासोबतचे रंगीबेरंगी छायाचित्रही इमारतींची ओल तपासण्याच्या कॅमेऱ्यातले वाटते. आमच्या जवानांना काळे-पांढरे चित्र दिसते आणि फार तापलेल्या जागाच तेवढ्या पिवळ्या-लाल दिसतात. आपणांस हवे असल्यास कोणत्याही केंद्रावर कॅमेरा मागवून मी आपल्या वार्ताहरांना खिडकीच्या काचेसमोर उभे करून दाखवीन. त्यांना बाहेरचा रस्ता दिसणार नाही, स्वतःचा चेहरा दिसेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त केंद्र अधिकारी, अग्निशमन सेवा