विषय: गुणवत्ता तपासनीस पदाच्या मुलाखतीबाबत तक्रार

प्रति,
मा. मनुष्यबळ व्यवस्थापक,
जळगाव एमआयडीसी

महोदय,

आपल्या ठिबक पाइपच्या कारखान्यात मी मे महिन्यात मुलाखतीला आलो होतो. निवड झाली नाही याबद्दल हे पत्र नाही. मुलाखत ज्या रीतीने झाली, त्याबद्दल आहे.

आम्हा सगळ्यांना सकाळी दहाचीच वेळ दिली होती. मुलाखत घेणारे साहेब एकच, म्हणजे शेवटच्याला दिवसभर बसावं लागणार हे बोलावतानाच ठाऊक असायला हवं होतं. मी अमळनेरहून पहाटेच्या गाडीने आलो. माझा नंबर लागला तेव्हा सव्वातीन वाजले होते. बसायला गेटजवळचं पत्र्याचं शेड, आणि जळगावचा मे काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. पाण्याचा जार दुपारीच संपला. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा वाटून दिल्या असत्या, तर मी दुपारच्या गाडीने आलो असतो.

आत साहेबांनी माझा बायोडाटा माझ्यासमोरच पहिल्यांदा उघडला. प्रश्न मात्र चांगला विचारला: पाइपातलं कार्बन ब्लॅक कसं तपासाल? मी सांगू लागलो, की तोललेला नमुना नायट्रोजनमध्ये तापवायचा, म्हणजे प्लॅस्टिक उडून जातं आणि काळा अवशेष राहतो. मग तो हवेत जाळून राख वजा करायची. प्रमाण अडीच टक्के, अर्धा टक्का इकडेतिकडे. कमी पडलं तर उन्हाने पाइप लवकर तडकतो. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. बोलणं संपल्यावर पुढचा प्रश्न आला, "कोणते पाटील तुम्ही?"

खानदेशात हा प्रश्न कशासाठी विचारतात हे आपण दोघेही जाणतो. लग्नाच्या बैठकीत तो चालतो. नोकरीच्या टेबलावर त्याचं काय काम? उत्तर टाळलं, तर पाच मिनिटांत "कळवतो" म्हणून उठवलं.

बाहेर बोलणं झालं तेव्हा कळलं, की माझ्या पुढच्या मुलाला चाचणीचा एकही प्रश्न नव्हता, फक्त पगाराची अपेक्षा विचारली. मग आमची तुलना कशावर केली? सगळ्यांना तेच चार-पाच प्रश्न आणि प्रत्येक उत्तराला लगेच गुण, एवढा एक कागद पुरला असता.

आठ दिवसांत कळवतो म्हणाले होते. शेवटी मीच फोन केला, तर "तुमचं नाही झालं" एवढंच. कारण विचारल्यावर फोन ठेवला. सरकारी भरती असती तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली माझे गुण मागितले असते. खासगी कंपनीवर ते बंधन नाही, म्हणून विनंतीच करतो.

माझी उत्तरं कुठे कमी पडली, हे दोन ओळींत लेखी कळवावं. आणि जातीचा अंदाज घेणारा तो प्रश्न आपल्या मुलाखतीत अधिकृतपणे विचारला जातो का, याचंही उत्तर द्यावं.

आपला,
पाटील (उमेदवार)