तांडेलकाकांना, खुंटीवरच्या जाळ्याबद्दल

काका,

बाबांची बोट धक्क्याला लागली तेव्हा गर्दीत तुम्ही कुठेच नव्हतात. घरी आले तर तुम्हाला गाढ झोप लागलेली. दोन रात्री जागला होतात, उठवायला जीव झाला नाही. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड.

सोमवारी संध्याकाळी सहाला वायरलेसवर बाबा बोलले, "इंजिनात पाणी गेलंय." ठिकाण सांगितलं, मग नुसती खरखर. मंगळवारी संध्याकाळी वारा पडला. आसऱ्याला गेलेल्या बोटी एकेक करून आल्या, आमची सोडून. धक्क्यावरच्या बायका माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या, तेव्हा माझे पाय गळाले.

तुम्ही मात्र धीर वगैरे दिला नाहीत. म्हणालात, "तुमचं जुनं जाळं खोपीत आहे का, बघून ये." खरं सांगू? तुमचा रागच आला. माणूस हरवलाय आणि याला जाळ्याची पडलीय!

खुंटी रिकामी होती. जाडा दोरही नव्हता. ते सांगितलं, तेव्हा कुठे तुम्ही खाली बसलात आणि मला हिशेब समजावलात. वायरलेस मुका झाला म्हणजे बोट बुडाली असं नाही. इंजिन बंद पडलं की बॅटरी चार्ज होत नाही, एवढंच. बंद बोट वाऱ्याबरोबर वाहते, वाऱ्याच्या वेगाच्या साधारण चार टक्क्यांनी. पंचवीस नॉटचा वारा म्हणजे तासाला एक सागरी मैल, चोवीस तासांत चोवीस. भरती-ओहोटीची ओढ उलटसुलट असते, तिचं बरंचसं फिटून जातं. पण जाळं दोराला बांधून नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून पाण्यात सोडलं, तर ते बोटीला मागे धरतं. तोंड वाऱ्याकडे राहतं, लाट आडवी बसत नाही, आणि वाहणं निम्म्यावर येतं.

"तुझा बाप जाळं घेऊन गेलाय, म्हणजे तो बारा मैलांच्या आसपास असणार," तुम्ही म्हणालात. बचाव केंद्राला फोन करून तेच सांगितलंत, जाळ्यासकट. आपल्या बोटी बाबांनी सांगितलेल्या ठिकाणी निघाल्या होत्या. त्यांना तिथून वाऱ्याच्या दिशेनं दहा ते पंधरा मैलांत शोधायला लावलंत. हा अंदाज आहे, चुकूही शकतो, हेही मला तोंडावर सांगितलंत. त्या रात्री तुमच्या एवढ्याच बोलण्यावर माझा विश्वास बसला.

बुधवारी पहाटे बोट तेरा मैलांवर सापडली. बाबांचा आवाज बसलाय, तळहात दोरानं सोलून निघालेत, पण जेवतात नीट. जाळ्याच्या चिंध्या झाल्यात. आई टाकून दे म्हणाली, मी परत खुंटीला अडकवलंय. अजून ठिबकतंय.

तुमची,
धाकटी