दोन ईस्टर, एक नियम

प्रिय सुहास,

तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. २०२४ साली कॅथलिकांचा ईस्टर ३१ मार्चला झाला आणि ग्रीक ऑर्थोडॉक्सांचा थेट ५ मेला. मग पुढच्याच वर्षी दोघांना २० एप्रिलचा रविवार कसा सापडला? तू ऐकलेलं उत्तर, की ऑर्थोडॉक्स मंडळी यहुद्यांचा वल्हांडण संपेपर्यंत थांबतात, हे सर्रास सांगितलं जातं, पण ते खरं नाही. वल्हांडणाची तारीख कुणी बघतच नाही. ऑर्थोडॉक्स ईस्टर नेहमी वल्हांडण सुरू झाल्यानंतरच येतो खरा, पण त्याचं कारण जुन्या कोष्टकात आहे.

गंमत म्हणजे नियम दोघांचा एकच: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. पौर्णिमाच रविवारी पडली, तर पुढचा रविवार. भांडण आहे ते '२१ मार्च' कुठला आणि 'पौर्णिमा' कुणाची, यावर. दोघेही आकाशाकडे बघत नाहीत. १९ वर्षांच्या चांद्रचक्रावर बसवलेल्या कोष्टकातून पौर्णिमा काढतात.

पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये दिनदर्शिका सुधारली, तेव्हा तिच्याबरोबर चंद्राचं कोष्टकही दुरुस्त झालं. पूर्वेकडच्या चर्चने ईस्टरसाठी दोन्ही जुनीच ठेवली. ग्रीसमधलं चर्च नाताळ २५ डिसेंबरलाच करतं, पण ईस्टर मात्र ज्युलियन, म्हणजे ग्रेगरीच्या सुधारणेआधीच्या जुन्या दिनदर्शिकेच्या हिशोबानं. (फिनलंडचं ऑर्थोडॉक्स चर्च अपवाद; ते पाश्चात्य तारीख पाळतं.) ज्युलियन २१ मार्च आज आपल्या ३ एप्रिलला येतो. शिवाय जुन्या कोष्टकातला चंद्र खऱ्या चंद्राच्या साधारण चार दिवस मागे पडलाय, कारण ते चक्र सुमारे तीन शतकांत एक दिवस घसरतं.

आता २०२५ कागदावर मांडून बघ. २०२५ ला १९ ने भागून बाकी ११. तिला १९ ने गुणून २०९. पूर्वेकडच्या हिशोबात त्यात १५ मिळवायचे: २२४. ३० ने भागून बाकी १४. २१ मार्चपुढे १४ दिवस म्हणजे ज्युलियन ४ एप्रिल, त्यात १३ मिळवले की आपला १७ एप्रिल, गुरुवार. पाश्चात्य हिशोबात १५ ऐवजी २४ मिळवायचे: २३३, बाकी २३, म्हणजे १३ एप्रिल, रविवार. तेरा मिळवायचे नाहीत, कारण तारीख आधीच ग्रेगोरियन आहे. पाश्चात्य पौर्णिमा रविवारी पडली म्हणून त्यांना आठवडाभर थांबावं लागलं. तेवढ्यात पूर्वेची पौर्णिमाही उरकली आणि पुढचा रविवार दोघांचा एकच झाला.

म्हणजे सगळा खेळ वाराचा. दोन पौर्णिमांमध्ये चार दिवस असतील, तर पाश्चात्य पौर्णिमा रविवार, सोमवार किंवा मंगळवारी यायला हवी. बुधवारी किंवा त्यानंतर आली की मध्ये एक रविवार सापडतो आणि सण आठवड्याच्या अंतराने होतात. २०२६ मध्ये तेच: पौर्णिमा गुरुवार २ एप्रिल आणि सोमवार ६ एप्रिल, ईस्टर ५ आणि १२ एप्रिल.

२०२४ ची गोष्ट वेगळी. तेव्हा पाश्चात्य पौर्णिमा २५ मार्चला होती. जुन्या कोष्टकात ती ३ एप्रिलच्या आत बसत असल्यामुळे मोजलीच जात नाही. मग अख्खा चांद्रमास पुढे ढकलून २८ एप्रिल. अंतर ३४ दिवस. १९ वर्षांतली पाच वर्षं अशी असतात आणि त्या वर्षी जुळण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही योग तू समजतोस तितका दुर्मीळ नाही: २०१०, २०११, २०१४, २०१७ अशी रांग लागली होती. मग मात्र २०२५ पर्यंत सात वर्षं कोरडी गेली. यापुढचा योग १६ एप्रिल २०२८.

स्वतः करून बघणार असशील तर एक खाच सांगतो, जिथे बहुतेक जण चुकतात. पाश्चात्य हिशोबात शेवटची बाकी २९ आली तर २८ धरायची; आणि २८ आली असेल व १९ ने भागल्यावरची बाकी १० पेक्षा जास्त असेल, तर २७. अशा वर्षी दोन पौर्णिमांतलं अंतर चारऐवजी पाच दिवसांचं होतं, म्हणून फक्त रविवार आणि सोमवार चालतात.

२१०० नंतर तेच नेहमीचं होईल. ते वर्ष ज्युलियन पद्धतीत लीप आहे, ग्रेगोरियनमध्ये नाही. त्यामुळे तेराचे चौदा दिवस होतील, चाराचे पाच, आणि मंगळवार कायमचा बाद.

२०२८ चं गणित तूच कर आणि पौर्णिमांचे वार मला कळव.

तुझा,
अविनाश