तिचा मेसेज उशिरा येतो तेव्हा

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू मला तुला आवडणाऱ्या त्या मुलीचं सगळं वेळेसकट सांगितलंस. मंगळवारी सकाळी केलेल्या मेसेजला रात्री दहाला उत्तर आलं आणि मग तासभर गप्पा झाल्या. गुरुवारी निळी टिक पडली, पण उत्तर आलं नाही. शनिवारची भेट तिने रद्द केली. या सगळ्याचा अर्थ काय, असं तू विचारलंस. फोनवर मी 'बघू' म्हटलं, कारण बाबा शेजारीच बसले होते. आता सविस्तर लिहिते.

आधी त्या टिकांचं बघ. दोन करड्या टिका म्हणजे मेसेज तिच्या फोनवर पोहोचला, एवढंच. तो तिने वरच्या नोटिफिकेशनमध्ये वाचला असेल, तरी टिका करड्याच राहतात. निळ्या झाल्या म्हणजे चॅट उघडली गेली. डोंबिवली लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या मुलीने मेसेज वाचला, म्हणजे तिला लगेच लिहिताही आलं असं नाही. शिवाय ती बँकेत काउंटरला बसते आणि घरी आई-वडील, आजी असतात. संध्याकाळी सात ते दहा फोन हातात घेतला की घरातल्या मुलीला 'कोणाचा गं?' हा प्रश्न येतोच. तिचं उत्तर रात्री दहानंतर येतं यात मला काहीच गूढ दिसत नाही. हां, सुट्टीच्या दिवशीही असंच होत असेल, तर हे कारण पुरणार नाही.

म्हणून उत्तराला किती तास लागले ते मोजू नकोस. ठरलेल्या भेटीचं काय होतं ते बघ. शनिवार रद्द करताना ती काय म्हणाली होती? तूच सांगितलंस: 'आत्याकडे जावं लागतंय, मंगळवारी साडेसहाला सीएसएमटीला चालेल का?' आणि मंगळवारी ती आली, पाऊण तास बसली. हे तू मला जाता जाता सांगितलंस आणि गुरुवारच्या निळ्या टिकेवर मात्र दहा मिनिटं बोललास! ज्याला टाळायचं असतं, तो माणूस भेट रद्द करतो आणि पुढचा दिवस हवेत ठेवतो. 'नंतर बघू', 'या आठवड्यात जरा गडबड आहे' असं म्हणतो. तिने दिवस, वेळ, जागा तिन्ही दिलं.

तरी गोड बोलणं आणि मग दोन-तीन दिवस शांतता, हे तुला खुपतंय, ते मला समजतं. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. बटणावर चोच मारली की दाणा मिळे. दाणा कधी थोड्या टोचांनी, कधी खूप टोचांनी, असा अनियमित मिळू लागला की कबुतरं फार चिकाटीने टोचत राहत, आणि दाणा बंद झाल्यावरही लवकर थांबत नसत. तिने हे मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. पण रात्री दहाच्या त्या एका तासाने तुला जे वाटतं, त्यातलं किती तिच्याविषयी आहे आणि किती वाट बघण्यामुळे वाढलंय, हे तूच तपास.

आता करायचं काय? एकच मेसेज कर. 'रविवारी अकरा वाजता ठाण्याला तलावपाळीवर भेटूया का?' असा. सोबत 'बिझी असशील तर राहू दे' जोडू नकोस, नाहीतर नकार तूच तिच्या हातात देशील. मग थांब. ती हो म्हणाली किंवा दुसरा दिवस सुचवला, तर भेटीत सरळ विचार: 'मला अधूनमधून बोललेलं आवडतं, तुला कसं जमतं?' हे समोरासमोर विचारायचं, मेसेजवर नाही. तिथे सूर कळत नाही. उत्तर आलंच नाही, तर आठवड्याने आणखी एकदा विचार. दुसऱ्यांदाही पर्याय आला नाही तर तो नकारच समज. तिला स्पष्टीकरण मागायचं नाही, तिच्या मैत्रिणीला विचारायचं नाही, बँकेच्या दारात उभं राहायचं नाही. आणि 'मला सध्या कोणाशी जुळवायचं नाही' असं ती तोंडाने म्हणाली, तर तिचे रात्रीचे गोड मेसेज बाजूला ठेवून ते शब्दच खरे धर.

एक मात्र करू नकोस. ती सहा तासांनी लिहिते म्हणून तूही घड्याळ लावून सहा तास थांबू नकोस. वेळ मिळाला की लिही, नाही मिळाला की नको लिहू. तुझं उत्तर उशिरा येतं तेव्हा तीही कोणाला तरी वेळा सांगत असेल.

बाबांना मी अजून काही बोललेले नाही. गणपतीला आलास की तूच सांग किंवा नको सांगूस. डबे परत आणायला विसरू नकोस.

तुझी,
आई