पांढरं जातंय म्हणून आतून धुऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'अंगावर पांढरं जाणं' या तक्रारीवर एक लेख आला होता. त्यातलं बरंचसं ठीक होतं, पण शेवटी 'कोमट पाण्यात झाकणभर जंतुनाशक टाकून योनिमार्ग रोज आतून धुवावा' असा सल्ला दिला होता. मी जिल्ह्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये २९ वर्षं स्लाइड वाचल्या आहेत. या सल्ल्यावर गप्प बसवलं नाही, म्हणून हे पत्र.

बाहेरच्या कातडीवर मेलेल्या, कोरड्या पेशींचे थर असतात, साबण त्यांना सोसतो. आतलं अस्तर तसं नाही. ते ओलं आणि जिवंत असतं आणि त्याच्या वरच्या पेशी सतत गळत राहतात. जंतू चिकटला तरी ज्या पेशीवर तो बसला, तीच त्याला घेऊन बाहेर पडते. वरून गर्भाशयाच्या मुखाचा चिकट श्लेष्मा उतरतो. त्यात लायसोझाइम असतं. आपल्या अश्रूंत आणि लाळेत असतं तेच हे, जंतूंच्या भिंतीतल्या साखरेच्या साखळ्या तोडणारं. अस्तराच्या पेशी डिफेन्सिन नावाची छोटी प्रथिनं सोडतात, ती जंतूच्या पडद्याला भोकं पाडतात. तेव्हा थोडा पांढरट स्राव असणं ही तक्रारच नव्हे. पाळीच्या चक्रात तो कमीजास्त होतो, एवढंच.

पण या सगळ्यांहून मोठा पहारा जंतूच देतात. १८९२ मध्ये डोडरलाइन नावाच्या जर्मन डॉक्टरने योनिस्रावातल्या लांबट काड्यांचं वर्णन केलं. आज आपण त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतो. वयात आल्यावर इस्ट्रोजेनमुळे अस्तराच्या पेशींत ग्लायकोजेन साठतं. पेशी गळल्या की त्याची छोट्या साखरांत फोड होते आणि या काड्या ती साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करतात. दुधात विरजण लावल्यावर जे होतं, तेच. पीएच ३.८ ते ४.५ वर येतो आणि एवढ्या आंबटात बाहेरच्या बहुतेक जंतूंना टिकता येत नाही. शिवाय खाणं आणि बसायची जागा आधीच भरलेली असते. साध्या साबणाचा पीएच ९-१० असतो, त्याने हा आंबटपणा मोडतो. जंतुनाशकाला तर घरचा पहारेकरी आणि चोर यांतला फरकच कळत नाही.

एक नमुना लक्षात राहिला आहे. बाई साधारण बत्तिशीच्या. पातळ, राखाडीसर स्राव, खाज नाही, पण मासळीसारखा वास, आणि संबंधांनंतर तो जास्त. लाज वाटून त्या चार महिने रोज जंतुनाशकाच्या पाण्याने आतून धूत होत्या आणि वास वाढतच गेला होता. पीएच पट्टीवर ५.४ आला. स्रावाच्या थेंबावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि नाक दूर न्यावं लागलं. तिथले अमाइन अल्कली लागली की वायू होऊन उडतात. वीर्यही अल्कधर्मी असतं, म्हणून संबंधांनंतर वास वाढतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या कडाच दिसेनात, सगळीकडे बारीक जंतू भुरभुरल्यासारखे चिकटलेले. यांना आम्ही क्लू सेल म्हणतो. ग्रॅम रंग दिल्यावर जांभळ्या लांब काड्या शोधूनही एखाददुसरीच सापडली. न्यूजेंटच्या ० ते १० च्या मोजपट्टीवर ८ भरले, ७ पासून पुढे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जंतूंचा तोल बिघडल्याचा त्रास, धरतात.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर धुण्यामुळेच हे झालं, असं एका बाईवरून म्हणता येत नाही. वास येतो म्हणूनही बायका धुतात. आतून धुणाऱ्या स्त्रियांत हा त्रास जास्त आढळतो, हे मात्र अनेक अभ्यासांत दिसलं आहे आणि धुतल्याने तो बरा होत नाही, हे नक्की. कारण काड्या गेल्या की गार्डनेरेला नावाची जंतूंची जात आणि तिची सोबतीण प्रेव्होटेला तिथे वस्ती करतात, श्लेष्मातल्या सियालिक आम्लाचे दुवे तोडतात, अस्तरावर थर धरून बसतात. म्हणजे श्लेष्माची भिंतही पोखरली जाते. त्यातून लैंगिक संबंधांतून येणारे संसर्ग सहज लागण्याचा आणि गरोदरपणी वेळेआधी प्रसूती होण्याचा धोका वाढतो.

डॉक्टरांनी त्या बाईंना मेट्रोनिडाझोल सात दिवस दिलं आणि धुणं बंद करवलं. वास गेला. तीन महिन्यांनी तो परत आला. हेही नवल नाही, उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना तो परत होतो, असा एक ऑस्ट्रेलियन अभ्यास आहे. औषध नको ते जंतू मारतं, पण रिकाम्या जागी चांगल्या काड्या येऊन बसतीलच याची हमी नसते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत औषधानंतर लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस योनिमार्गात सोडून पाहिलं: बारा आठवड्यांत ३० टक्के जणींना त्रास उलटला, नुसतं बनावट औषध मिळालेल्यांत ४५ टक्के. फरक आहे, पण चमत्कार नाही.

इथे आमच्याकडच्या आजीबाई दही लावायला सांगतात. कल्पना गोड आहे, पण दह्यातले जंतू वेगळ्या जातीचे. ते तिथे वस्ती करत नाहीत, म्हणून दही ताटातच राहू द्यावं.

काड्या कमी म्हणजे रोगच, असंही नाही. २०११ मध्ये अमेरिकेत तक्रार नसलेल्या ३९६ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांतल्या सुमारे पाव जणींत लॅक्टोबॅसिलसचं वर्चस्व नव्हतं, तरी त्या ठणठणीत होत्या. पाळी बंद झाल्यावर इस्ट्रोजेन घटतं, ग्लायकोजेन आटतं, पीएच वर जातो. त्या वयात लघवीचा जंतुसंसर्ग वारंवार होतो, त्याचं एक कारण हेच. तिथेही धुण्याने काही साधत नाही. स्थानिक इस्ट्रोजेनचा उपयोग होतो, पण तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

लेखातली आणखी एक चूक म्हणजे सगळ्या पांढऱ्या स्रावाला एकच नाव. फुटक्या दह्यासारखा घट्ट स्राव आणि भरपूर खाज असेल तर बहुधा बुरशी, म्हणजे कँडिडा. गंमत म्हणजे त्यात पीएच सहसा नेहमीसारखाच, ४.५ च्या आत राहतो आणि वास नसतो. अँटिबायोटिकचा कोर्स संपता संपता अनेकदा हा त्रास सुरू होतो, कारण पहारेकरी कमी झालेले असतात. तिथे मेट्रोनिडाझोल निरुपयोगी. एक पट्टी, एक थेंब आणि एक स्लाइड एवढ्यात बराच निवाडा होतो. पण ते न करता दुकानातून औषधांचं 'किट' घेणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या. पट्टी पाळीच्या दिवसांत किंवा संबंधांनंतर लगेच लावू नये, रक्त आणि वीर्य दोन्ही आकडा वर चढवतात.

पुढच्या रविवारी त्याच पानावर एवढी दुरुस्ती छापावी ही विनंती: बाहेरची कातडी साध्या पाण्याने धुवावी, आत काहीही घालू नये, आणि वास, खाज, रक्त किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर तपासणी करून घ्यावी. गरोदर बाईने तर लगेच.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा