डिफरन्स ॲम्प्लिफायर मॉड्यूलच्या माहितीपत्रकातील चुकीच्या आकड्यांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दहापट गेनचे डिफरन्स ॲम्प्लिफायर मॉड्यूल जाहीर केलेल्या गुणवत्तेचे नसल्याबाबत व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रणांसाठी मोजमापाची पॅनेल तयार करतो. हा माझा उपजीविकेचा व्यवसाय असून मी तो स्वतः चालवतो. शंटवरचा करंट मोजण्यासाठी आपल्या कंपनीचे मॉड्यूल मी घेतले. ‘कॉमन-मोड रिजेक्शन ९० डेसिबल’ आणि ‘इनपुट रेझिस्टन्स ११० किलोओहम’ असे माहितीपत्रकात छापले आहे. हे दोन्ही आकडे ज्या अर्थाने ग्राहक वाचतो त्या अर्थाने खरे नाहीत, अशी माझी तक्रार आहे.

यंत्रणेतील बॅटरी १२ व्होल्टची असून तिचे ऋण टोक लोखंडी सांगाड्याला जोडलेले आहे. त्यामुळे शंट धन तारेतच बसवावा लागतो. शंट ५० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट देणारा आहे. म्हणजे दहापट गेननंतर दर अँपिअरमागे आउटपुटला १५ मिलिव्होल्ट मिळायला हवेत. प्रत्यक्षात चार्जर व लोड दोन्ही सोडवून ठेवले, शंटमधून काहीच करंट जात नव्हता, तरीही आउटपुट ११६ मिलिव्होल्ट होते आणि पॅनेल ७.७ अँपिअर दाखवत होते.

दोष शंटचा किंवा वायरिंगचा नाही याची खात्री करण्यासाठी मी मॉड्यूलची दोन्ही इनपुट एकमेकांना जोडली. ही जोडलेली इनपुट ग्राउंडला लावल्यावर आउटपुट २ मिलिव्होल्ट मिळाले. तीच १२ व्होल्टला लावल्यावर ते ११६ मिलिव्होल्ट झाले. २ मिलिव्होल्ट हा ऑप-ॲम्पचा ऑफसेट असून त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. उरलेले ११४ मिलिव्होल्ट मात्र केवळ कॉमन-मोड व्होल्टेजमुळे आलेले आहेत. १२ व्होल्टला ११४ मिलिव्होल्ट म्हणजे कॉमन-मोड गेन ०.००९५. उपयोगाच्या दहापट गेनला याने भागले की गुणोत्तर एक हजाराच्या किंचित वर येते, म्हणजे ६० डेसिबल. ९० आणि ६० यांतले अंतर कागदावर लहान दिसते, पण ते तीसपटीहून जास्त आहे.

यानंतर मी चारही रेझिस्टर बोर्डवरून काढून मोजले. ऋण इनपुटच्या बाजूचा १०.०३ किलोओहम, फीडबॅकचा ९९.६, धन इनपुटच्या बाजूचा ९.९७ आणि तिथून ग्राउंडला जाणारा १००.०५ किलोओहम भरला. चारही एक टक्का टॉलरन्सचे आहेत आणि एकही अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त हटलेला नाही, म्हणजे सदोष भाग यात एकही नाही. पण फीडबॅकच्या जोडीचे गुणोत्तर ९.९३ आणि दुसऱ्या जोडीचे १०.०३५ येते. या दोन गुणोत्तरांत सुमारे १.०६ टक्के फरक आहे, आणि या मूल्यांवरून गणित केले तर १२ व्होल्टला ११४ मिलिव्होल्टच येतात. मोजमाप आणि गणित इतके जुळल्यावर कारणाबद्दल शंका राहत नाही.

चार रेझिस्टरच्या या सर्किटमध्ये कॉमन-मोड व्होल्टेज दाबण्याचे काम ऑप-ॲम्पपेक्षा रेझिस्टरच्या जुळणीवर अवलंबून असते. प्रत्येक रेझिस्टर t इतका चुकू शकत असेल, तर एक गुणोत्तर वर आणि दुसरे खाली जाऊन त्यांच्यात चार t इतके अंतर पडू शकते. म्हणून सर्वांत वाईट स्थितीचा अंदाज असा निघतो :

```
CMRR = (1 + G) / (4t)
```

गेन १० आणि टॉलरन्स एक टक्का घेतल्यास ११ भागिले ०.०४, म्हणजे २७५, अर्थात जेमतेम ४९ डेसिबल. माझा नमुना ६० देतो हे एका अर्थी माझे नशीबच म्हणायचे. बोर्डवरील ऑप-ॲम्पच्या डेटाशीटमध्येही नेमका ९० डेसिबल हाच आकडा आहे, म्हणजे चिपचा गुण उचलून तो संपूर्ण मॉड्यूलच्या नावावर छापलेला दिसतो. ०.१ टक्क्याचे रेझिस्टर लावले तरी हमी ६९ डेसिबलचीच देता येईल, आणि ९० डेसिबल छापायचे तर टॉलरन्स ०.०१ टक्क्याहूनही कमी लागेल.

इनपुट रेझिस्टन्सची गोष्टही अशीच आहे. ११० किलोओहम हा धन इनपुटपासून ग्राउंडपर्यंतच्या दोन रेझिस्टरचा बेरजेचा आकडा आहे. धन इनपुट ग्राउंडला ठेवले तर ऋण इनपुटला फक्त १० किलोओहम दिसतात, आणि दोन इनपुटांमधला, म्हणजे मोजायच्या सिग्नलला दिसणारा रेझिस्टन्स २० किलोओहम आहे. तो इनपुटच्या दोन रेझिस्टरची बेरीज असतो. तो वाढवायचा तर गेन राखण्यासाठी फीडबॅकही त्याच पटीत वाढवावा लागतो, आणि १०० किलोओहमला १ मेगोहम लावल्यावर बायस करंटमुळे होणारी चूक आणि नॉइज दोन्ही वाढतात. दीड मिलिओहमच्या शंटसाठी २० किलोओहम पुरेसे आहेत, हे मला मान्य आहे. आक्षेप आकडा अर्धवट छापण्याला आहे, कारण त्यावर विसंबून दिलेला सल्ला मला महागात पडला.

आपल्या सेवा विभागाने फोनवर सांगितले की इनपुट रेझिस्टन्स मोठा असल्यामुळे ऋण इनपुटच्या तारेत १०० ओहमचा संरक्षक रेझिस्टर बेलाशक टाकावा. तो टाकल्यावर शून्य करंटला आउटपुट ११६ वरून २२३ मिलिव्होल्टवर गेले आणि पॅनेल जवळजवळ १५ अँपिअर दाखवू लागले. दोन्ही इनपुटांना १२ व्होल्ट असताना प्रत्येक तारेतून सुमारे १०९ मायक्रोअँपिअर सतत वाहतात. ते १०० ओहममधून गेले की ११ मिलिव्होल्टचा ड्रॉप होतो आणि मॉड्यूल त्यालाच सिग्नल समजते. रेझिस्टर टाकायचाच होता तर दोन्ही तारांत सारखा टाकायला सांगायला हवे होते. त्याने गेन एक टक्का घटला असता, पण दोन्ही बाजूंचा तोल टिकला असता.

शून्याचे वाचन वजा करून घ्या, हा आपला दुसरा सल्लाही चालणारा नाही. बॅटरी उतरल्यावर ११.८ आणि चार्जिंगच्या वेळी १४.४ व्होल्टवर असते. या २.६ व्होल्टच्या फरकानेच आउटपुट २५ मिलिव्होल्टने, म्हणजे सुमारे १.७ अँपिअरने सरकते. ग्राउंडला जाणाऱ्या रेझिस्टरशी प्रीसेट लावून तोल साधता येतो, पण साधे रेझिस्टर दर अंशाला १०० पीपीएमपर्यंत बदलतात आणि चारही एकाच दिशेने बदलतील असे नाही. पत्र्याच्या शेडखाली ३० अंशांचा फरक पडला तर प्रत्येकी ०.३ टक्के बदल होऊन हा तोल पुन्हा बिघडू शकतो.

म्हणून माझी विनंती अशी की, या पत्रापासून १५ दिवसांच्या आत मॉड्यूलची पूर्ण किंमत परत करावी, अथवा एकाच चिपवर लेसरने ट्रिम केलेले रेझिस्टर असलेले व मॉड्यूल म्हणून किमान ८० डेसिबलची हमी असलेले मॉड्यूल बदलून द्यावे. तसेच माहितीपत्रकात कॉमन-मोड रिजेक्शनचा किमान आकडा संपूर्ण मॉड्यूलचा द्यावा आणि दोन्ही इनपुटांचा रेझिस्टन्स वेगवेगळा छापावा. काढलेले चारही रेझिस्टर बोर्डसह जपून ठेवले आहेत. आपला तंत्रज्ञ आल्यास मी त्याच्यासमोर ही मोजमापे पुन्हा करून दाखवीन. मुदतीत उत्तर न आल्यास दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

सोबत : खरेदीच्या बिलाची प्रत, माहितीपत्रकाचे पान, मोजमापांची नोंद.

आपला विश्वासू,
(सही)