तीन दिवसांची मुभा आणि तिची मोजणी : जीएसटी विलंब शुल्काबाबत मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मुख्यमंत्री महोदय,
गोवा राज्य

सादर नमस्कार.

मी डिचोली आणि म्हापसा भागातील लहान व्यापाऱ्यांची जीएसटी विवरणपत्रे भरून देणारा कर सल्लागार आहे. वित्त खाते आपल्याकडे असल्यामुळे आणि जीएसटी परिषदेत गोव्याचे मत मांडले जात असल्यामुळे, एका मर्यादित विषयाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. जीएसटीआर-3बी या विवरणपत्राला उशीर झाल्यास दररोज वाढत जाणारे जे विलंब शुल्क लागते, त्याला सुरुवातीच्या काही दिवसांची मुभा असावी, अशी माझी विनंती आहे.

सध्याची रचना थोडक्यात अशी. कायद्याच्या कलम 47 मधील मूळ दर जास्त आहे, परंतु अधिसूचनेद्वारे तो कमी करून केंद्राचे 25 आणि राज्याचे 25 असे मिळून दिवसाला 50 रुपये केलेला आहे. ज्या विवरणपत्रात काहीच कर देय नसतो, त्यासाठी तो दिवसाला 20 रुपये आहे. जून 2021 च्या विवरणपत्रापासून या शुल्कावर कमाल मर्यादाही आहे : शून्य कराच्या विवरणपत्रासाठी 500 रुपये, मागील वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असल्यास 2,000, पाच कोटीपर्यंत 5,000 आणि त्यापुढे 10,000 रुपये. ही मर्यादा घालून परिषदेने लहान व्यापाऱ्यांचे मोठे ओझे हलके केले, हे मी मनापासून मान्य करतो. मात्र ही सवलत शुल्काच्या वरच्या टोकाला आहे. खालच्या टोकाला, म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांच्या उशिराला, कोणतीही मुभा नाही.

याचा परिणाम गोव्यात कसा होतो, ते 2023 च्या चतुर्थीवरून स्पष्ट होईल. त्या वर्षी चतुर्थी 19 सप्टेंबरला होती आणि दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी ऑगस्टच्या विवरणपत्राची शेवटची तारीख 20 सप्टेंबर होती. आपल्याकडे बहुतेक घरांत दीड दिवसाचा गणपती असतो, तेव्हा शेवटची तारीख ही विसर्जनाची तारीख होती. ज्यांच्या घरी पाच दिवसांचा गणपती, त्यांचे विसर्जन 23 तारखेला. दुकाने बंद, हिशेब लिहिणारा मुलगा आपल्या गावी आणि खरेदीची काही बिले अजून हाती आलेली नाहीत, अशी स्थिती त्या आठवड्यात असते, हे आपणांस सांगायला नको. एखादे काम कार्यालयात करायचे असेल आणि शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल, तर ते पुढच्या कामकाजाच्या दिवशी केलेले चालते, असे जनरल क्लॉजेस कायद्याचे कलम 10 सांगते. पण विवरणपत्र संकेतस्थळावर भरायचे असते, संकेतस्थळ रात्रंदिवस चालू असते आणि त्याची मोजणी राज्यातील सुटी जमेस धरत नाही.

समजा, 80 लाख उलाढालीच्या एका किराणा व्यापाऱ्याने ते विवरणपत्र 24 सप्टेंबरला भरले आणि त्यात 18,000 रुपये रोखीने भरायचे होते. शेवटची तारीख सोडून आणि भरण्याचा दिवस धरून उशीर चार दिवसांचा झाला. त्या रकमेवर वार्षिक 18 टक्के दराने चार दिवसांचे व्याज सुमारे 36 रुपये होते. विलंब शुल्क मात्र 200 रुपये होते. शिवाय हे शुल्क खरेदीवरच्या कराच्या जमेतून वळते करता येत नाही, ते रोख खात्यातूनच द्यावे लागते, तेही केंद्र आणि राज्य अशा दोन शीर्षांखाली वेगवेगळे. आणि ते दिसते पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात, कारण एका महिन्याचा उशीर संकेतस्थळ पुढच्या महिन्यात आकारते. चलन भरताना पैसे 'शुल्क' या रकान्याऐवजी 'कर' या रकान्यात टाकले गेले, तर खात्यात रक्कम असूनही विवरणपत्र अडते आणि रक्कम इकडून तिकडे वळवण्यासाठी आणखी एक फॉर्म भरावा लागतो. चार दिवसांच्या उशिराची झळ महिनाभर पोहोचते ती अशी.

माझी सूचना अशी आहे की, शेवटच्या तारखेनंतरच्या पहिल्या तीन दिवसांवर विलंब शुल्क लावू नये. परंतु अशी मुभा देताना ती कशी मोजायची, हे अधिसूचनेत नेमके लिहिलेले असले पाहिजे, कारण तिचे दोन अर्थ निघू शकतात. पहिला अर्थ असा की, तीन दिवसांत भरले तर शुल्क नाही, पण चौथा दिवस उजाडला की मागचे तीन दिवसही मोजायचे. मग तिसऱ्या दिवशी शून्य आणि चौथ्या दिवशी एकदम 200 रुपये अशी उडी पडते, आणि वरील व्यापाऱ्याला काहीच लाभ होत नाही. दुसरा अर्थ असा की, मुभेचे तीन दिवस कायमचे वगळायचे आणि चौथा दिवस हा शुल्काचा पहिला दिवस धरायचा. मग त्याला 50 रुपये पडतात. मी दुसऱ्या अर्थाच्या बाजूने आहे.

यावर असा आक्षेप येईल की, अशाने शेवटची तारीख 20 ऐवजी 23 झाली, असेच सगळे मानतील. हा आक्षेप वजनदार आहे. पण व्याज पहिल्या दिवसापासून चालूच राहणार आहे आणि ते मुभेत येणार नाही, म्हणून शासनाच्या पैशाची भरपाई होतच राहील.

क्रमही स्पष्ट हवा. आधी मुभेचे दिवस वजा करावेत, उरलेल्या दिवसांना दराने गुणावे आणि मग कमाल मर्यादा लावावी. 45 दिवस उशीर झाल्यास आज 2,250 ऐवजी मर्यादेनुसार 2,000 रुपये पडतात. मुभेनंतर 42 दिवसांचे 2,100 होतात, म्हणजे पुन्हा 2,000 च. दीर्घकाळ टाळाटाळ करणाऱ्याला या मुभेचा फायदा मिळत नाही, आणि दिवसाला 50 रुपयांच्या दरात एका विवरणपत्रामागे शासनाचे जास्तीत जास्त 150 रुपये जातात.

मात्र या मुभेने सुटत नाही अशी एक अडचण किनाऱ्यावर आहे. शॅक जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद असतात आणि दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या शॅकचालकाला त्या काळातही शून्य कराची विवरणपत्रे भरावी लागतात. तो 25 ऑक्टोबरला आला, तर जून, जुलै आणि ऑगस्टची प्रत्येकी 500 रुपयांची मर्यादा गाठलेली असते, कारण 20 रुपयांच्या दराने ती पंचविसाव्या दिवशीच गाठली जाते. सप्टेंबरचे पाच दिवसांचे 100 रुपये. एक रुपयाही कर देय नसताना 1,600 रुपये. मी अशांना तिमाही पद्धत घेण्यास सांगतो. तरीही सलग शून्य विवरणपत्रांसाठी मिळून एकच 500 रुपयांची मर्यादा ठेवावी, असे मला वाटते.

विलंब शुल्क माफ करण्याचा अधिकार कलम 128 देते. त्यासाठी परिषदेची शिफारस लागते. कोविडच्या काळात, 2021 मध्ये, काही महिन्यांच्या विवरणपत्रांसाठी ठरावीक दिवसांचे शुल्क माफ झाले होते, तेव्हा अशा मुभेची सवय व्यवस्थेला आहे. परिषदेच्या येत्या बैठकीत गोव्यातर्फे हे दोन मुद्दे लेखी मांडावेत आणि त्यात दिवस मोजण्याची पद्धत उदाहरणासह जोडावी, ही विनंती. वरील उदाहरणांचे तपशीलवार तक्ते राज्य कर आयुक्तांच्या कार्यालयात आणून देण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक कर सल्लागार, डिचोली